कोळंबी शिजली हे कसं ओळखायचं? तव्यावरच्या अडीच मिनिटांचं विज्ञान

फ्रीझरमधली कोळंबी सोडवली, हळद-तिखट-मीठ लावलं, तव्यावर टाकली, आणि पाहता पाहता ती स्वतःच्याच पाण्यात पोहू लागली. पाणी आटेपर्यंत थांबलात, तर हाती आले वातड, आक्रसलेले गोळे. परदेशात कोळंबी करणाऱ्या बहुतेकांनी हे एकदा तरी अनुभवलेलं असतं. दोष कोळंबीकडे जातो, "इथल्या कोळंबीला चवच नाही" म्हणून. खरं तर पाकीट उलटून पाहिलंत तर ती बऱ्याचदा भारतातूनच आलेली असते. बिघडते ती पाणी आणि वेळ या दोन गोष्टींमुळे.

आधी पाण्याचा हिशोब करू. समजा तुम्ही २५० ग्रॅम सोललेली कोळंबी घेतली आहे. ती ५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला साधारण ४८ किलोज्यूल उष्णता लागते. आता कोळंबीला बाहेरून फक्त २० ग्रॅम, म्हणजे चारेक चमचे पाणी चिकटलेलं आहे असं धरा. तेवढ्याच पाण्याची वाफ करायला ४५ किलोज्यूल लागतात! म्हणजे ओली कोळंबी टाकलीत, तर तव्याची जवळजवळ निम्मी उष्णता पाणी उडवण्यात जाते. शिवाय पाणी आहे तोवर पृष्ठभागाचं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस तपकिरी रंग व वास यायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. तोवर आतली कोळंबी मात्र शिजून पुढे गेलेली असते. गोठवलेल्या कोळंबीत बऱ्याचदा पाणी धरून ठेवणारे फॉस्फेट क्षारही घातलेले असतात, त्यामुळे पाणी आणखी सुटतं.

म्हणून पहिली पायरी कोरडं करण्याची. कोळंबी रात्रभर फ्रीजमध्ये किंवा बंद पिशवीत घालून गार पाण्यात वीसेक मिनिटं ठेवून सोडवा. पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढा. ही चीर पुढे कामाला येणार आहे. मग कागदी रुमालावर पसरून, वरून दुसरा रुमाल दाबून टिपून घ्या. मीठ-मसाला अगदी तव्यावर टाकायच्या आधी लावा, कारण मीठ लावून थोडा वेळ ठेवली की कोळंबीला पुन्हा पाणी सुटू लागतं.

आता तवा. बिडाचा किंवा जाड स्टीलचा तवा मध्यमपेक्षा थोड्या मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं तापू द्या, मग चमचाभर तेल घाला. तेल पातळ होऊन सहज पसरलं आणि त्यावर लाटा चमकू लागल्या की तवा तयार. धूर येऊ लागला तर जास्त झालं. नॉनस्टिक असेल तर रिकामा इतका तापवू नका, आच मध्यमच ठेवा. कोळंब्या एकमेकींना न चिकटता, एका थरात ठेवा. जागा नसेल तर दोन घाणे करा. गर्दी केली की तवा थंड पडतो, आणि पुन्हा तीच वाफ.

पाकिटावर २१/२५ असं लिहिलेलं असतं, म्हणजे एका पौंडात इतके नग. एक कोळंबी साधारण २० ग्रॅमची. हा आकार धरून चालू. ती तव्यावर ठेवल्यावर पहिल्या बाजूला हात लावू नका. सुमारे ९० सेकंदांत कडेकडेने रंग वर चढताना दिसेल. तो निम्म्या उंचीपर्यंत आला की उलटा. दुसरी बाजू ४५ ते ६० सेकंद. मग तवा उतरवा आणि कोळंबी लगेच ताटलीत काढा.

घड्याळावर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नका. शिजायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलतो: निम्म्या जाडीच्या कोळंबीला साधारण पाव वेळ पुरतो. बाजारातली बारीक कोळंबी एका बाजूला अर्धं मिनिटही सहन करत नाही. म्हणून खुणा पाहायला शिकायचं.

रंग ही पहिली खूण, पण सर्वांत फसवी. कच्च्या कोळंबीतलं अ‍ॅस्टाझॅन्थिन हे नारिंगी रंगद्रव्य एका प्रथिनाला बांधलेलं असतं, त्यामुळे ती निळसर-करडी दिसते. उष्णतेने ते प्रथिन मोडलं की रंग मोकळा होतो. पण हे रंगद्रव्य टरफलात आणि लगतच्या पातळ पापुद्र्यात असतं, म्हणून नारिंगी झाली याचा अर्थ फक्त बाहेर गरम झाली. वर हळद-तिखट असेल तर तेही दिसत नाही.

दुसरी खूण जास्त खात्रीची. कच्चं मांस काचेसारखं अर्धपारदर्शक असतं. प्रथिनं उलगडून एकमेकांत गुंतली की प्रकाश विखुरतो आणि मांस पांढरं दिसतं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं. पाठीवरची ती चीर चमच्याच्या टोकाने किंचित उघडा आणि डोक्याकडच्या सर्वांत जाड भागात खोलवर पाहा. करडी, काचेसारखी रेघ अगदी बारीक उरली असेल, तर तवा उतरवायची वेळ झाली. बाहेरचा भाग आतल्यापेक्षा बराच गरम असल्याने उष्णता अजून आत जात राहते, आणि मिनिटाभरात ती रेघही पांढरी होते. वाढण्याआधी एक कोळंबी कापून बघा. रेघ उरलीच असेल तर पुन्हा तव्यावर अर्धं मिनिट. आतलं तापमान मोजणार असाल तर ६३ अंश हा अमेरिकेतला सुरक्षित आकडा आहे. घरात गरोदर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल तर तो गाठल्याशिवाय वाढू नका.

तिसरी खूण आकाराची. सैलसर 'सी' म्हणजे झाली, शेपटी डोक्याकडच्या टोकाला टेकून 'ओ' झाला की जास्त झाली. ६०-६५ अंशांच्या पुढे स्नायूंचे धागे जोरात आखडतात, पाणी पिळून बाहेर टाकतात, आणि कोळंबी रबरासारखी होते. ते पाणी परत आत जात नाही. पाठीवर खोल चीर असेल तर मात्र ती वेगळीच उमलते, तेव्हा या खुणेवर विसंबू नका.

आता आपल्या स्वयंपाकघरातला खास सापळा: आंबट. आपण कोळंबीला आगळ किंवा लिंबू लावून मुरवत ठेवतो. आम्लानेही प्रथिनं उलगडतात, म्हणून मांस तव्यावर न जाताच पांढरं दिसू लागतं. पण ते शिजलेलं नसतं, आणि त्यातले जंतू उष्णतेने जसे मरतात तसे मरतीलच असं नाही. म्हणजे आपली सर्वांत भरवशाची खूण आपण आधीच पुसून टाकलेली असते. मग घाबरून जास्त वेळ ठेवतो आणि कोळंबी वातड होते. उपाय साधा आहे: हळद, तिखट, मीठ आधी, आंबट मात्र तवा उतरवल्यावर. आगळाचा चमचा गरम कोळंबीवर फिरवलात तरी चव तीच लागते.

आणि खरेदी करताना एक पाहा. पाकिटातली कोळंबी आधीच गुलाबी असेल तर ती बहुतेकदा शिजवलेली असते. शिजवलेली असेल तर तिला हे काहीच लागू नाही. ती रश्श्यात शेवटी घालून फक्त गरम करायची.