पासबुकातले दोनशे छत्तीस

मावशीने मे महिन्यात पासबुक भरून आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "पेन्शन जमा होते ती कळते, पण मधूनमधून हे काय कापतात?" तिने चार नोंदींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या. एप्रिलमध्ये एकाच दिवशी 236 रुपये दोनदा. दर तिमाहीला 17.70. आणि मागच्या मेअखेरीस 20 रुपये. वर्षभराची बेरीज 562 रुपये 80 पैसे.

अशी नोंद ओळखायची तर आधी रकमेला 1.18 ने भागावं. बँकेच्या सेवाशुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि बहुतेक वेळा तो शुल्कात मिळवूनच रक्कम कापली जाते. 236 ला 1.18 ने भागलं की 200 येतात, 17.70 ला भागलं की 15. अशी सुटसुटीत रक्कम आली की ती बँकेच्या दरपत्रकात शोधायची. हे दरपत्रक बँकेच्या संकेतस्थळावर असतं आणि शाखेतही बघायला मिळतं. 20 रुपयांना भागलं तर मात्र 16.95 येतात. ते शुल्क नव्हतंच. तो पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा वार्षिक हप्ता होता. नोंदीत PMSBY असं लिहिलेलं असतं. दोन लाखांचं अपघात संरक्षण असल्यामुळे मावशीने तो चालू ठेवला. नको असता, तर शाखेत लेखी कळवून तो बंद करता आला असता.

दोनशेच्या नोंदीपुढे AMC होतं, म्हणजे डेबिट कार्डाचं वार्षिक शुल्क. ते दोनदा कापलं गेलं, कारण खातं मावशी आणि तिच्या मुलाच्या संयुक्त नावावर आहे आणि दोघांनाही कार्ड मिळालेलं. मुलगा आठ वर्षांपासून पुण्यात स्वतःचं खातं वापरतो. त्याचं कार्ड कपाटात पडून होतं. कार्ड वापरलं नाही म्हणून शुल्क थांबत नाही. कार्ड बंद केल्याची बँकेत नोंद व्हावी लागते. त्यासाठी मुलाच्या सहीचा अर्ज दिला. त्यात कार्डाचे शेवटचे चार अंक, शुल्क कापल्याची तारीख, 'कार्ड बंद करावे' आणि 'या वर्षीचे शुल्क परत करावे' एवढंच लिहिलं. दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घेतली. नव्या वर्षात कार्ड एकदाही वापरलेलं नव्हतं, त्यामुळे शाखाधिकाऱ्यांनी 236 रुपये परत जमा केले. मागच्या वर्षांचे मात्र मिळाले नाहीत. असा परतावा बऱ्याचदा बँकेच्या मर्जीवर असतो, म्हणून शुल्क कापल्याबरोबर अर्ज केलेला बरा.

एसएमएसच्या पंधरा रुपयांचं तसं नव्हतं. तिथे बोट ठेवायला नियम होता. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2013 मध्ये बँकांना सांगितलं, की एसएमएसचं शुल्क प्रत्यक्ष वापरानुसार घ्यावं. मावशीच्या बँकेच्या दरपत्रकातही एका संदेशाला 25 पैसे आणि तिमाहीला जास्तीत जास्त 15 रुपये असंच होतं. पंधरा रुपये व्हायला साठ संदेश यावे लागतात. मावशीच्या मोबाइलवर तीन महिन्यांत व्यवहारांचे अठराच संदेश आले होते, म्हणजे साडेचार रुपये, जीएसटीसह 5.31. अर्जात हा हिशेब मांडला आणि आकारलेल्या संदेशांची संख्या लेखी मागितली.

"मग एसएमएसच बंद करू का?" मावशीने विचारलं. मी नको म्हटलं. आपण न केलेला व्यवहार झाला, तर तो पहिल्यांदा या संदेशातूनच कळतो, आणि बँकेला किती लवकर कळवलं यावर नुकसान कोणी सोसायचं ते बऱ्याच अंशी ठरतं. जोडीला ईमेलवरही सूचना मागवता येतात.

बँकेने तक्रार फेटाळली, उत्तर समाधानकारक नसलं किंवा 30 दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार नोंदवता येते. त्याला पैसे पडत नाहीत. शिक्का मारलेली प्रत इथे कामी येते. एक धोका मात्र लक्षात ठेवावा. 'शुल्क परत करतो, ओटीपी सांगा' असा फोन आला, तर तो भामट्याचा असतो. परताव्याला ओटीपी लागत नाही.

ज्यांचे व्यवहार मोजकेच आहेत, त्यांना मूलभूत बचत ठेव खात्याचा पर्यायही आहे. त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही, डेबिट कार्डाला वार्षिक शुल्क नसतं आणि महिन्यातून किमान चारदा पैसे काढणं मोफत असतं. मात्र त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही. मावशीने ते घेतलं नाही.

शाखेला प्रकरण पुढे न्यायची वेळ आली नाही. जुलैत तिने पुन्हा पासबुक भरलं. एसएमएसच्या नोंदीपुढे 5.31 होते आणि त्याच्या वर, जमेच्या रकान्यात, मागच्या चार तिमाहींचे 49 रुपये 56 पैसे.