खिळा तोच, खर्च वेगळा

ट्यूबलेस टायर पंक्चर होत नाही, असं समजून गाडी घेणारे अजूनही भेटतात. खिळा दोन्ही टायरांत सारखाच घुसतो. फरक पडतो तो हवा किती वेळात जाते यात, आणि खर्चाचं सगळं गणित तिथूनच बदलतं.

ट्यूबच्या टायरमध्ये हवा धरून ठेवते ती आतली पातळ रबरी ट्यूब. तिला भोक पडलं की हवा टायर आणि ट्यूबच्या मधे शिरते आणि व्हॉल्व्हच्या भोकातून, आऱ्यांच्या फटींतून बाहेर पळते. मिनिटाभरात गाडी डुलायला लागते, आणि पुढचं चाक असेल तर हँडल सावरणं अवघड होतं. ट्यूबलेसमध्ये टायरच्या आतल्या बाजूला हवा अडवणाऱ्या रबराचा थर असतो आणि टायरची कड रिमवर घट्ट बसलेली असते. घुसलेला खिळा स्वतःच भोक बुजवून बसतो. हवा जाते, पण सावकाश. कधी कधी दुसऱ्या दिवशी सकाळी चाक बसलेलं दिसलं की मग कळतं. म्हणून खिळा दिसला तरी रस्त्यात तो उपटायचा नाही. हवा भरून घ्यायची आणि हळूहळू दुकान गाठायचं.

दुरुस्तीही तितकीच वेगळी. ट्यूबवाल्या चाकात पान्याने टायरची एक बाजू उचकटून ट्यूब बाहेर ओढतात, हवा भरून घमेल्यातल्या पाण्यात फिरवतात. बुडबुडे आले तिथे खूण करायची, जागा कानशीने खरवडायची, सोल्युशन लावून वाळू द्यायचं आणि पॅच दाबायचा. इथे दोन चुका नेहमी होतात. टायरच्या आत हात फिरवून खिळ्याचं टोक शोधलंच जात नाही, किंवा टायर परत चढवताना पान्यात ट्यूब चिमटते. दोन्हींचा परिणाम एकच: घरी पोचायच्या आत पुन्हा पंक्चर.

ट्यूबलेसचं चाक उघडावं लागत नाही. पकडीने खिळा काढायचा, टोच्या आत-बाहेर करून भोक साफ करायचं, सुईत ओवलेली चिकट रबरी पट्टी सोल्युशन लावून आत ढकलायची, सुई झटक्यात ओढून घ्यायची आणि बाहेर आलेली शेपटं कापायची. दहा मिनिटांचं काम. पण याच टोच्याने धडधाकट टायरलाही भोक पाडता येतं, आणि 'साहेब, चार पंक्चर आहेत' ही हाक बहुतेकदा तिथूनच येते. उपाय सोपा आहे. टोच्या हातात घेण्याआधी पूर्ण चाकाला साबणाचं पाणी लावायला सांगायचं, बुडबुडे स्वतः मोजायचे आणि मग बाजूला चहाला जायचं नाही.

आता पैसे. दर गावागणिक बदलतात, पण शहरात ट्यूबचं पंक्चर ७०-८० रुपयांत आणि ट्यूबलेसची एक पट्टी १००-१५० रुपयांत होते असं धरू. कागदावर ट्यूब स्वस्त. पण दुकान दोन किलोमीटरवर आहे आणि गाडी ढकलायचा कंटाळा आला म्हणून बसक्या चाकावर चालवत नेली, तर ट्यूब व्हॉल्व्हपाशी फाटते. मग नवी ट्यूब ३००-४०० रुपये, बसवायचे वेगळे. त्याच जागी ट्यूबलेसवाला १२० रुपयांत सुटतो. अर्थात चहाला गेला नाही तर; चार खोट्या पंक्चरांचे ४८० मोजले, की तोही ट्यूबवाल्याच्या रांगेत.

तरीही ट्यूब हद्दपार झालेली नाही. नेहमीच्या तारांच्या चाकात प्रत्येक आरा रिमला भोक पाडून बसवलेला असतो, तिथे ट्यूबशिवाय हवा टिकणार कशी? शिवाय ताम्हिणीसारख्या घाटात ट्यूबलेस पूर्ण बसला आणि त्याची कड रिमवरून सुटली, तर साध्या पायपंपाने ती परत बसवणं जवळपास अशक्य. कॉम्प्रेसरचा जोर लागतो. ट्यूबवाल्या टायरमध्ये हातपंपानेही भागतं. खड्ड्यात आपटून अलॉय रिमची कड वाकली, तर पंक्चर नसतानाही ट्यूबलेस दर दोन-तीन दिवसांनी हवा मागतो. अशा वेळी पट्ट्या मारून घेण्यात अर्थ नाही, साबणाचं पाणी रिमच्या कडेला आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी लावून बघावं. जुना झालेला रबरी व्हॉल्व्ह तडकला असेल, तर तेवढा बदलून काम भागतं.

पट्टी चालते ती फक्त रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात. बाजूची भिंत प्रत्येक फेरीला दबते, वाकते, त्यामुळे तिथली पट्टी कधीही निसटू शकते. नक्षीतही भोक पेन्सिलीएवढं झालं असेल, तर बाहेरून पट्टी मारण्यापेक्षा टायर उतरवून आतून बसवायचा छत्रीसारखा प्लग जास्त खात्रीचा. त्याला पैसे अधिक पडतात. बाजूच्या भिंतीला चीर गेली असेल तर पंक्चरवाला आत ट्यूब टाकून देतो. तेवढ्यावर सावकाश घरापर्यंत यावं आणि टायर बदलावा.