लॉग सर्व्हरवरच ठेवावेत की एका जागी गोळा करावेत?

लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी: कोणती विनंती केव्हा आली, काय उत्तर गेले, कुठे बिनसले, याची ओळीओळीने नोंद. लिनक्सवर ती बहुधा `/var/log` मध्ये साध्या मजकुराच्या फाइलींत असते, आणि हवी ती ओळ शोधायला `grep` ही १९७० च्या दशकातली युनिक्स आज्ञा आजही वापरली जाते. लॉग फार झाले की ते एका जागी आणावेत, असा समज आहे. पण एक जीबीची फाइल `grep` सहसा काही सेकंदांत चाळते. खरी अडचण आकाराची नसते.

समजा, चौघांची टीम एक ऑनलाइन दुकान चालवते. सर्व्हर तीन, विनंती कोणत्याही एकाकडे जाते. ग्राहकाची तक्रार येते की पैसे कापले, पण ऑर्डर दिसत नाही. ऑर्डर एका सर्व्हरने नोंदवली आणि पैसे मिळाल्याचा निरोप दुसऱ्याच सर्व्हरवर आला, असे सहज घडते. तरीही तिन्हीकडे एकदम शोधता येते:

```
for h in app1 app2 app3; do
  ssh $h "zgrep -h 'order=48213' /var/log/shop/*"
done | sort
```

`zgrep` दाबून ठेवलेल्या जुन्या फाइलीही वाचते. ओळीच्या सुरुवातीला तारीख-वेळ असेल तर `sort` नंतर सगळा घटनाक्रम समोर येतो. मात्र तिन्ही घड्याळे जुळलेली हवीत आणि प्रत्येक ओळीत ऑर्डर क्रमांक हवा. तो नसेल तर महागडी केंद्रीय व्यवस्थाही फारशी कामी येत नाही.

ही पद्धत कोलमडते ती लॉगच उरलेला नसतो तेव्हा. गर्दी ओसरल्यावर क्लाउडवरचा जादा सर्व्हर आपोआप काढून टाकला, की त्याच्या फाइलीही जातात. घुसखोर शिरला तर माग पुसण्यासाठी तो आधी लॉगच खोडतो. शिवाय जुन्या फाइली ठरल्या वेळी आपोआप पुसल्या जातात. डेबियनवर एनजिनएक्सचे लॉग मूळ सेटिंगनुसार जेमतेम १४ दिवस राहतात. भारतात सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी १८० दिवसांचे लॉग जपणे बंधनकारक आहे.

यावर लगेच इलास्टिकसर्च उभारायची गरज नसते. ती व्यवस्था भरपूर मेमरी खाते आणि तिची देखभाल हे वेगळेच काम होऊन बसते. बऱ्याच लिनक्स सर्व्हरवर आधीच असलेल्या आरसिसलॉगमध्ये एक ओळ टाकली, की सिसलॉगच्या नोंदी वेगळ्या मशीनवरही पोहोचतात:

```
*.* @@loghost:514
```

दोन `@` म्हणजे टीसीपी. एकच दिला तर यूडीपी, ज्यात वाटेत ओळी गळू शकतात. ॲप थेट फाइलीत लिहीत असेल तर ती फाइल वाचण्याचे `imfile` मॉड्यूल वेगळे लावावे लागते. गोळा झालेल्या लॉगमध्ये शोध मात्र `grep` नेच घेता येतो.

दोन-तीन कायमचे सर्व्हर असलेल्या टीमला एवढे पुरेसे आहे. सर्व्हर किंवा कंटेनर रोज येत-जात असतील, तर मात्र लॉग पहिल्या दिवसापासून बाहेर पाठवावेत.