पडताळा वहीतच आहे

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात आयगेनव्हॅल्यूंची वर्कशीट हातात पडली, की बरीच मुलं गणित सोडवतात आणि उत्तर ताडून पाहायला पुस्तकाची शेवटची पानं उलटतात. खरं तर या गणिताचा पडताळा त्याच्या व्याख्येतच असतो.

मॅट्रिक्सने एखाद्या सदिशाला गुणलं, की नवा सदिश मिळतो आणि सहसा त्याची दिशा बदललेली असते. काही सदिश मात्र आपली रेषा सोडत नाहीत. ते फक्त लांबतात, आखडतात किंवा उलट दिशेला वळतात. हे आयगेनव्हेक्टर, आणि ते ज्या पटीने बदलतात ती आयगेनव्हॅल्यू. सूत्रात Av = λv. इथे v शून्य सदिश नसावा, कारण शून्य ठेवला तर समीकरण कोणत्याही λ साठी खरं ठरतं.

एक मॅट्रिक्स घेऊ: पहिली ओळ ४, १ आणि दुसरी २, ३. कर्णावरच्या संख्यांची बेरीज ७ आणि निश्चयक ४×३ − १×२ = १०. म्हणून समीकरण λ² − ७λ + १० = ०, आणि उत्तरं ५ व २.

λ = ५ घेतला तर −x + y = ० मिळतं, म्हणजे सदिश (१, १). तो मॅट्रिक्समध्ये ठेवला की (४+१, २+३), म्हणजे (५, ५) येतो. बरोबर पाचपट.

चूक होते ती पुढे. λ = २ साठी 2x + y = ०. इथे घाईत चिन्ह निसटतं आणि वहीत (१, २) लिहिलं जातं. आयगेनव्हॅल्यूंची बेरीज ७, गुणाकार १०, दोन्ही जुळतात. तरी ही चूक त्यात दिसत नाही, कारण तो पडताळा सदिशाला हातच लावत नाही. आता (१, २) ठेवून पाहा: (४+२, २+६) = (६, ८). पहिला घटक सहापट, दुसरा चौपट. पट एकच नाही, म्हणजे सदिश चुकला. (१, −२) ठेवला तर (४−२, २−६) = (२, −४). दोन्ही घटक दुप्पट.

λ च चुकला असेल तर ते आणखी आधी कळतं. समजा ६ आला. मग −2x + y = ० आणि 2x − 3y = ० ही समीकरणं एकमेकांच्या पटीत नसतात आणि त्यांतून फक्त शून्य सदिश निघतो. तसं झालं की मागे जाऊन निश्चयक तपासावा.

या पडताळ्याची एक मर्यादा आहे. तो हातातली जोडी बरोबर असल्याचं सांगतो, दुसरी जोडी राहून गेली का ते सांगत नाही. त्यासाठी बेरीज-गुणाकार पाहावेच लागतात.

आणि पुस्तकात (−१, २) छापलेलं दिसलं, तर आपलं (१, −२) खोडू नका. दोन्ही एकाच रेषेवर आहेत, दोन्ही बरोबर आहेत.