टोपीच्या भोकांतून आखूड केसांना हायलाइट

१९९०च्या दशकाच्या अखेरीस ‘एनसिंक’ या अमेरिकी बँडमधल्या जस्टिन टिंबरलेकच्या आखूड केसांची सोनेरी टोकं जगभर गाजली. असं काम फॉइलमध्ये करणं अवघड, कारण दोन-तीन बोटांएवढे केस त्यातून निसटतात. इथे उपयोगी पडते ती बारीक भोकांची रबरी टोपी आणि क्रोशाच्या सुईसारखी आकडी.

केस कोरडे हवेत, गुंता पूर्ण काढलेला हवा. टोपीला आतून थोडी टाल्कम पावडर लावली की ती सहज चढते. ती डोक्याला घट्ट बसायला हवी. पोकळी राहिली, तर ब्लीच मुळापर्यंत पोचत नाही आणि बट मधूनच उजळू लागते.

खरं कौशल्य बट ओढण्यात आहे. आकडी उभी खुपसली, तर टाळू ओरखडते आणि केसांचा पुंजकाच अडकतो. म्हणून ती जवळजवळ आडवी धरून भोकात सरकवायची, मोजकेच केस पकडायचे आणि टोक पूर्ण बाहेर येईपर्यंत सावकाश ओढायचं. टोक आत राहून नुसता फासा बाहेर आला, तर ते टोक काळंच राहतं. सुरुवात मानेपासून करावी. वरच्या बटा आधी काढल्या, तर त्या खालच्या भोकांवर लोंबतात. पहिल्या फेरीत एक आड एक भोक घ्यावं, मग आरशात डावी-उजवी बाजू ताडून पाहावी. कमी वाटलं तर आणखी भोकं घेता येतात. जास्त झालेलं मात्र ब्लीच लागल्यावर परत घेता येत नाही.

समजा, काळ्याभोर केसांचा पिक्सी कट आहे. लांब केसांत उजळ बटा काळ्या थरांखाली दडतात, इथे प्रत्येक बट मुळापासून टोकापर्यंत उघडी दिसते. त्यामुळे एक आड एक भोक घेतलं तरी ठिपकेदार, ठसठशीत परिणाम मिळतो. सगळी भोकं वापरली, तर काळा रंग जवळजवळ हरवतोच. त्यातच काळे केस उजळताना आधी तांबूस, मग नारिंगी होतात. तो नारिंगीपणा नको असेल, तर निळसर टोनर लागतो.

ब्लीच घट्ट दह्याइतकं दाट कालवावं. पातळ झालं, तर ते भोकांतून आत झिरपतं आणि मुळाशी फिके डाग पडतात. दर पाचेक मिनिटांनी एक बट पुसून रंग तपासावा. धुणं आणि टोनर लावणं टोपी डोक्यावर असतानाच उरकावं, मग कंडिशनर लावून टोपी हळूच उतरवावी. ॲलर्जीची चाचणी मात्र ४८ तास आधीच झालेली हवी.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्यामुळे काळी मुळं लवकरच दिसू लागतात. तेव्हा पुन्हा टोपी चढवली, तर जुन्याच बटा नेमक्या हाती लागत नाहीत आणि आधी उजळलेले केस दुसऱ्यांदा ब्लीच होऊन तुटतात. आखूड केसांना यावर सोपा उपाय आहे: दोन-तीन वेळा कापले की जुना रंग बहुतेक निघून जातो.