मंगळावरचा जल्लोष राखून मराठी आवाज

18 फेब्रुवारी 2021 रोजी ‘पर्सिव्हिअरन्स’ हे अमेरिकेचं रोव्हर मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरलं. चार दिवसांनी नासाने त्या उतरण्याचा सुमारे साडेतीन मिनिटांचा व्हिडिओ प्रसिद्ध केला. पॅराशूट उघडतं, खालचं कवच सुटून दूर जातं, लाल जमीन जवळ येत जाते आणि शेवटी धुळीच्या लोटात चाकं टेकतात. हे सगळं यानावरच्या कॅमेऱ्यांनी टिपलं आहे. आवाज मात्र मंगळावरचा नाही. यानावर मायक्रोफोन होता, पण उतरतानाचा आवाज त्यातून मिळाला नाही. त्यामुळे चित्राखाली ऐकू येतो तो कॅलिफोर्नियातल्या नियंत्रण कक्षाचा आवाज. त्यात बंगळुरूमध्ये जन्मलेल्या अभियंत्या स्वाती मोहन यांचं इंग्रजी निवेदन आहे, त्यांच्या मागे सहकाऱ्यांचे तुटक निरोप आहेत आणि यान टेकताच उसळलेला जल्लोष आहे.

मराठी शाळेतल्या सातवी-आठवीच्या वर्गासाठी हा व्हिडिओ मराठीत आणायचा असेल, तर पहिला प्रश्न भाषांतराचा नसतो. इंग्रजी निवेदन बाजूला सारून मराठी आवाज आणताना तो जल्लोष हातचा जाऊ द्यायचा नाही, हा खरा पेच असतो.

चित्रपटांच्या डबिंगमध्ये हा पेच सहसा येत नाही. तिथे निर्माता संवाद वगळून फक्त संगीत आणि इतर आवाज असलेला वेगळा ट्रॅक देतो. धंद्यात त्याला ‘एम अँड ई’ म्हणतात. पावलं, दारं, पाऊस, पार्श्वसंगीत सगळं त्यात तयार असतं, मराठी संवाद वर चढवले की काम झालं. बातमीपट, व्याख्यानं, प्रशिक्षणाचे व्हिडिओ आणि हा मंगळाचा व्हिडिओ यांत मात्र सगळे आवाज एकाच पट्टीत मिसळलेले असतात.

मग बोलणं वेगळं काढणारी सॉफ्टवेअर वापरावी असं कुणालाही वाटेल. Demucs हे त्यातलं मोफत आणि बरंच वापरात असलेलं सॉफ्टवेअर. पुढची आज्ञा दिली की ते एका ध्वनिफीतीचे दोन भाग करतं. `vocals.wav` मध्ये माणसाचा आवाज येतो आणि `no_vocals.wav` मध्ये उरलेलं सगळं.

```
demucs --two-stems=vocals mul.wav
```

निवेदकाच्या मागे तबला, गाडीचं इंजिन किंवा धबधबा असेल तर निकाल बरा येतो. पण हे सॉफ्टवेअर गाण्यांवर तयार झालं आहे. गाणारा गळा आणि वाद्यं वेगळी करणं हे त्याचं मूळ काम. नियंत्रण कक्षातला जल्लोषही गळ्यांतूनच येतो, तेव्हा निवेदनाबरोबर तोही `vocals.wav` मध्ये ओढला जातो आणि मागे फाटके, पाण्याखालून आल्यासारखे अवशेष उरतात. हे घडलंय की नाही ते कळायला `no_vocals.wav` हेडफोनवर एकदा ऐकणं पुरे. टाळ्या सलग न वाजता विरत-उमटत असतील, तर तो भाग वापरू नये.

अशा वेळी जुनी रीत कामी येते. मूळ आवाज काढायचा नाही, तो खाली ठेवायचा आणि वर मराठी बोलायचं. परदेशी नेत्याचं भाषण बातम्यांत दाखवताना हेच करतात. पोलंडमध्ये तर परदेशी चित्रपटही टीव्हीवर याच पद्धतीने दाखवतात. ‘लेक्टर’ म्हणून ओळखला जाणारा एकच निवेदक सगळ्या पात्रांचे संवाद शांत स्वरात वाचतो आणि मागे मूळ नटांचे आवाज हलके ऐकू येत राहतात. मंगळाच्या व्हिडिओला ही रीत फार शोभते. त्या क्षणी खरोखर कोण बोलत होतं आणि कुठल्या ताणात बोलत होतं, हे ऐकणाऱ्याला मूळ आवाजातून कळत राहतं.

कामाची सुरुवात वेळांच्या तक्त्याने होते. Aegisub किंवा Subtitle Edit यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वाक्य कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते नोंदवायचं. शेजारी चित्रात काय घडतंय तेही लिहायचं. हा दुसरा रकाना अनेक जण गाळतात आणि नंतर अडतात, कारण वेळ जुळवायची ती ओठांशी नसून घटनेशी. या व्हिडिओत बोलणाऱ्याचा चेहरा फारसा दिसत नाही, दिसतं ते पॅराशूट. साडेएकवीस मीटर व्यासाचं ते पॅराशूट क्षणात फुलतं. ‘उघडलं’ हा शब्द त्या क्षणाच्या आसपास यायला हवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं. लांब वाक्य केलं तर ‘उघडलं’ ऐकू येईपर्यंत पडद्यावर पुढचं काहीतरी सुरू झालेलं असतं. म्हणून घटना आधी छोट्या वाक्यात सांगायची आणि वेग, उंची असा तपशील मागून द्यायचा.

एक वाक्य घेऊन हिशेब करून पाहू. खालचं उष्णताकवच सुटतं तेव्हा निवेदन सांगतं, की यान आता ध्वनीपेक्षा कमी वेगाने चाललं आहे, कवच वेगळं झालं आहे आणि त्यामुळे रडार व कॅमेरे यांना जमीन पहिल्यांदा पाहता येईल. मूळ बोलण्याला साधारण दहा सेकंद लागतात असं धरू. कागदावर पहिलं भाषांतर बहुधा असं उतरतं: ‘पर्सिव्हिअरन्स यानाचा वेग आता ध्वनीच्या वेगापेक्षा कमी झालेला आहे आणि उष्णतारोधक कवच यानापासून विलग करण्यात आलेलं आहे. त्यामुळे रडार आणि कॅमेरे या दोन्हींना मंगळाच्या पृष्ठभागाचं पहिलं दर्शन घेता येणार आहे.’ उच्चारानुसार अक्षरं मोजली तर ती ऐंशीच्या आसपास भरतात. निवांत, स्पष्ट मराठी निवेदनात सेकंदाला पाच ते सहा अक्षरं बसतात, म्हणजे या वाक्यांना चौदा-पंधरा सेकंद हवेत. तेवढी जागा नाही.

आता तेच असं म्हणून पाहा: ‘यान आता आवाजाच्या वेगाखाली आलंय. उष्णताकवच सुटलं. रडार आणि कॅमेऱ्यांना आता मंगळाची जमीन पहिल्यांदा दिसेल.’ ही चाळीस-बेचाळीस अक्षरं आहेत. सात-आठ सेकंदांत आरामात होतात आणि दोन सेकंद हातात उरतात. अर्थातलं काहीही सुटलेलं नाही. ‘करण्यात आलेलं आहे’, ‘या दोन्हींना’, ‘दर्शन घेता येणार’ असं कचेरीतलं मराठी तेवढं गेलं. शब्दांपेक्षा अक्षरं मोजणं इथे उपयोगाचं ठरतं, कारण ‘कॅमेऱ्यांना’ हा एक शब्द असला तरी बोलायला चार अक्षरांचा वेळ घेतो.

ते उरलेले दोन सेकंद वाया जात नाहीत. मूळ इंग्रजी सुरू झाल्यावर सुमारे एक सेकंद ते मोकळं ऐकू द्यायचं आणि मग मराठी सुरू करायचं. शेवटीही मराठी थोडं आधी संपवायचं, म्हणजे मूळ आवाजाचं टोक पुन्हा कानावर येतं. त्यामुळे मराठी आवाज मूळ माणसाच्या बोलण्याशी जोडला जातो. दोन्ही आवाज एकाच क्षणी सुरू झाले, तर कान दोघांपैकी कुणाचंच नीट ऐकत नाही.

एवढं करूनही एखादं वाक्य अर्ध्या सेकंदाने लांबलं, तर ध्वनिसंपादनात वेग वाढवता येतो. Audacity मधलं Change Tempo स्वराची पट्टी न बदलता वेग बदलतं. पाच टक्क्यांपर्यंत ऐकणाऱ्याला फरक जाणवत नाही. दहा टक्क्यांच्या पुढे निवेदक घाईत असल्यासारखा वाटू लागतो आणि जोडाक्षरं एकमेकांवर आदळतात. त्यापेक्षा वाक्यातला एक शब्द कमी करून पुन्हा ध्वनिमुद्रण करावं.

मराठी ध्वनिमुद्रण प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत करावं. निवेदकाने हेडफोनवर मूळ आवाज ऐकत बोलावं, म्हणजे चढउतारही जुळतात. मग येतं ते मूळ आवाज खाली घेण्याचं काम, त्याला ‘डकिंग’ म्हणतात. Audacity मध्ये मूळ ट्रॅक वर, मराठी ट्रॅक त्याच्या लगेच खाली ठेवायचा आणि वरचा निवडून Auto Duck लावायचं. मराठी सुरू होताच मूळ आवाज आपोआप उतरतो आणि थांबताच परत चढतो. बारा ते पंधरा डेसिबलची घट बहुतेक ठिकाणी योग्य ठरते. सहा डेसिबलच घेतली तर दोन भाषा भांडत राहतात, पंचवीस घेतली तर कक्षाची कुजबूज नाहीशी होऊन निवेदक रिकाम्या खोलीत बोलल्यासारखं वाटतं.

इथे एक दोष हमखास होतो. निवेदक दोन वाक्यांमध्ये श्वास घेतो, तेवढ्यात मागचा आवाज वर उसळतो आणि लगेच खाली दबतो. असं सतत झालं की कान शिणतात. मराठी शब्दांकडे लक्ष न देता फक्त मागची घरघर ऐकली, तर ती धापा टाकतेय की स्थिर आहे हे चटकन कळतं. धापा टाकत असेल तर Maximum pause ची मर्यादा एका सेकंदावरून दीड-दोन सेकंदांवर न्यायची. मग छोट्या विरामात मागचा आवाज हलत नाही.

यान टेकतं तो क्षण मात्र यंत्राच्या हवाली करू नये. उतरल्याची खात्री झाली हे शब्द ऐकताच कक्षात आरोळी उठते आणि स्वाती मोहन त्या गजरातच पुढचं सांगतात, की पूर्वीच्या जीवसृष्टीच्या खुणा शोधायला यान सज्ज आहे. इथे सबंध वाक्य एका दमात मराठीत म्हटलं, तर पंधरा डेसिबलने दबलेला जल्लोष त्याखाली विझतो. म्हणून आधी ‘उतरलं!’ एवढंच म्हणावं. मग मूळ आवाज पूर्ण उंचीला येऊ द्यावा, टाळ्या तीन-चार सेकंद मोकळ्या वाजू द्याव्यात आणि उरलेलं वाक्य त्यानंतर सावकाश घ्यावं. त्याखाली मूळ आवाजाची घट सात-आठ डेसिबलच ठेवावी आणि ती हाताने आखावी. Audacity चं Envelope साधन त्यासाठीच आहे. मराठी वाक्य इथे मुळापेक्षा उशिरा येतं, तरी कुणाला खटकत नाही, कारण त्या वेळी पडद्यावर नवी घटना घडत नसते.

नासाची दृश्यं आणि ध्वनी बहुतांशी स्वामित्वहक्काच्या बंधनात नसतात, शैक्षणिक कामाला वापरता येतात. मात्र श्रेय द्यावं लागतं आणि नासाने मराठी आवृत्तीला मान्यता दिली आहे असं भासवता येत नाही. दुसऱ्या कुणाचा व्हिडिओ असेल तर आधी परवानगी घ्यावी.

शेवटी मिश्रण 48000 हर्ट्झवर साठवून मूळ चित्राला जोडायचं. चित्र पुन्हा तयार करायची गरज नसते, ते जसंच्या तसं घेता येतं. त्याच फाइलमध्ये मूळ इंग्रजी आवाज दुसरा ट्रॅक म्हणून ठेवला, तर शिक्षकांना VLC मध्ये हवा तेव्हा तोही लावता येतो.

```
ffmpeg -i mul.mp4 -i mishran.wav \
  -map 0:v -map 1:a -map 0:a -c:v copy -c:a aac \
  -metadata:s:a:0 language=mar -metadata:s:a:1 language=eng \
  -disposition:a:0 default -disposition:a:1 0 tayar.mp4
```

तयार फाइल आधी मोबाइलच्या स्पीकरवर आणि मग वर्गातल्या प्रोजेक्टरवर वाजवून पाहावी. पॅराशूट, कवच आणि चाकं टेकणं या तीन ठिकाणी शब्द आणि चित्र जुळतात का, ते तपासावं. सुरुवात जुळते पण शेवटापर्यंत अंतर वाढत जातं असं दिसलं, तर दोष भाषांतराचा नसतो. दोन ध्वनिफीतींच्या नमुनादरात फरक राहिलेला असतो. मग संपादनाला हात न लावता दोन्ही फाइली पुन्हा 48000 हर्ट्झवर आणून नव्याने जोडाव्यात.