मानपत्रातले घड्याळ

पुरस्कार हाती देण्याआधी व्यासपीठावरून जो छोटा मजकूर वाचून दाखवला जातो, त्याला मराठीत प्रसंगानुसार मानपत्र, सन्मानपत्र किंवा प्रशस्तिपत्र म्हणतात, आणि लष्करात व विद्यापीठांत त्यासाठी ‘सायटेशन’ हा शब्दही रुळलेला आहे. या नावांच्या मागे प्रत्यक्षात दोन निरनिराळ्या पद्धती आहेत. मानपत्र सत्कारमूर्तीला ‘आपण’ असे उद्देशून लिहिले जाते, त्याची भाषा अलंकृत असते आणि वाचून झाल्यावर ते चौकटीत बसवून भिंतीवर लावले जाईल, हे लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले असते. सायटेशन मात्र तृतीय पुरुषात, सभेला उद्देशून लिहिले जाते आणि हा सन्मान या व्यक्तीला नेमका कोणत्या कृत्यासाठी मिळत आहे, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर त्याला द्यायचे असते. पहिल्या पद्धतीत जिव्हाळा सहज येतो पण अचूकपणा निसटतो, तर दुसऱ्या पद्धतीत अचूकपणा आला की मजकूर कोरडा होणार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे, हे तपासण्यासाठी सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना मिळालेल्या परमवीरचक्राच्या प्रशस्तिपत्राइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

राणे यांचा जन्म 1918 साली कारवारजवळच्या चेंडिये गावचा. ज्या बॉम्बे इंजिनिअर्समध्ये ते अधिकारी होते, त्या दलाचे केंद्र पुण्यात खडकीला आहे. सुरुंग काढणे, रस्ते व पूल बांधणे किंवा उडवणे ही लष्करातील अभियंता सैनिकांची, म्हणजे ‘सॅपर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जवानांची कामे असतात आणि एप्रिल 1948 मध्ये जम्मू भागातील नौशेरा ते राजौरी हा डोंगराळ रस्ता रणगाड्यांसाठी मोकळा करण्याचे काम राणे यांच्या तुकडीकडे आले होते. 26 जानेवारी 1950 रोजी स्थापन झालेले परमवीरचक्र 15 ऑगस्ट 1947 पासूनच्या पराक्रमांना लागू करण्यात आल्यामुळे दोन वर्षांपूर्वीची ही कामगिरी त्याच्या कक्षेत आली. हे पदक हयातीत स्वीकारणारे राणे हे पहिले वीर मानले जातात.

त्यांच्या इंग्रजी प्रशस्तिपत्रात पाचशेच्या आसपास शब्द आहेत आणि त्याची रचना पाहिली तर ते जवळजवळ संपूर्णपणे घड्याळावर उभे आहे. 8 एप्रिलला सकाळी अकरा वाजता सव्विसाव्या मैलाजवळ तुकडी रणगाड्यांपाशी काम सुरू करण्याची वाट पाहत असताना शत्रूच्या उखळी तोफांचा मारा सुरू झाला, त्यात तुकडीतील दोघे ठार झाले आणि राणे यांच्यासह पाच जण जखमी झाले, ही पहिली नोंद आहे. त्यानंतर लगेच येणारे वाक्य, त्यांनी तुकडीची पुन्हा जुळवाजुळव करून काम सुरू केले, एवढेच सांगते. दुपारी साडेचारच्या सुमारास बरवालीची डोंगरधार ताब्यात आली, पण आजूबाजूचा शत्रू पुरता हटलेला नव्हता, आणि हे ठाऊक असूनही राणे तुकडी घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळसा घालणारा पर्यायी रस्ता रात्री दहापर्यंत शत्रूच्या नजरेसमोर तयार करत राहिले.

दुसऱ्या दिवसाची नोंद सकाळी सहाला सुरू होते आणि दुपारी तीनला तो रस्ता पूर्ण होतो. यानंतर सैन्याचा ताफा पुढे सरकतो तेव्हा राणे सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत बसलेले आहेत. अर्ध्या मैलावर चिडाचे वृक्ष आडवे टाकून रस्ता अडवलेला आढळतो, ते खाली उतरतात, स्फोटाने झाडे उडवतात, आणि तीनशे यार्डांवर पुन्हा तेच घडते. संपूर्ण मजकुरात उपमा म्हणावी अशी एकच जागा याच सुमारास येते: डोंगराला वेढत जाणाऱ्या रस्त्याला सापाची उपमा दिलेली आहे, जी मराठीत ‘नागमोडी’ या एका रोजच्या शब्दात सामावून जाते. पुढे उद्ध्वस्त केलेली मोरी लागते, मशीनगनचा मारा सुरू होतो, तरीही वळणरस्ता काढला जातो. सायंकाळी सव्वासहाला उजेड मावळत असताना पाच मोठ्या झाडांचा, सुरुंगांनी वेढलेला आणि मशीनगनच्या टप्प्यातला अडथळा समोर येतो. राणे सुरुंग काढायला लागतात, परंतु परिस्थिती ओळखून ताफ्याचा प्रमुख त्या रात्रीपुरता ताफा सुरक्षित जागी नेतो.

या शेवटच्या तपशिलाकडे विशेष लक्ष द्यायला हवे, कारण सर्वसाधारण गौरवपर लेखनात तो गाळला गेला असता. ज्या दिवशी नायकाला थांबावे लागले, तो दिवस त्याच्या प्रशस्तीत कशाला, असा विचार कोणीही केला असता. प्रत्यक्षात हा थांबा नोंदवल्यामुळेच पुढची वेळ अर्थपूर्ण होते: 10 एप्रिलच्या पहाटे पावणेपाचला राणे त्याच अडथळ्यावर पुन्हा हजर आहेत आणि साडेसहाला तो मोकळा झालेला आहे. मध्ये किती तासांची विश्रांती मिळाली असेल, हे मजकूर सांगत नाही, पण ऐकणारा आपसूक हिशेब करतो. पुढचे हजार यार्ड अडथळ्यांनी आणि उडवलेल्या बांधांनी भरलेले होते, ते साडेदहापर्यंत पार झाले, रणगाडे दुपारी दोनला वाटेवरच्या चिंगसला पोहोचले, आणि मागून येणाऱ्या रसदीसाठी रस्ता मोकळा होणे आवश्यक आहे हे ओळखून राणे अन्न किंवा विश्रांती न घेता रात्री नऊपर्यंत काम करत राहिले.

या मजकुरात विशेषणे नाहीत असे नाही. धैर्य, इच्छाशक्ती, नेतृत्व आणि जिवाची तमा न बाळगणे यांचा उल्लेख त्यात आहे. फरक त्यांच्या जागेचा आहे. विशेषण येते तेव्हा त्याच्या मागे किंवा पुढे ते सिद्ध करणारी कृती त्याच वाक्यात उभी असते, त्यामुळे ते लेखकाचे मत न राहता घडलेल्या गोष्टीला दिलेले नाव ठरते. नेहमीच्या मानपत्रात क्रम उलटा असतो: ‘कर्तव्यतत्पर’, ‘निःस्वार्थी’, ‘ऋषितुल्य’ ही विशेषणे आधी ओळीने येतात आणि कृत्य शेवटी ‘आपल्या बहुमोल कार्याबद्दल’ अशा मोघम शब्दांत उरकले जाते. असा मजकूर फसला आहे की नाही, हे ओळखण्याची सोपी खूण म्हणजे सत्कारमूर्तीचे नाव काढून तिथे दुसरे नाव घालून पाहणे. वाक्य तरीही खरे वाटत असेल, तर ते कोणाचेच नाही.

अचूकपणाची दुसरी बाजू काय गाळले आहे यावरून कळते. सुरुंगांच्या टापूतून राणे रणगाड्याच्या खाली सरपटत गेले आणि दोरीने खुणा करून त्यांनी चालकाला दिशा दिली, हा प्रसंग त्यांच्याविषयीच्या लोकप्रिय लेखनात हमखास भेटतो, पण प्रशस्तिपत्रातील घटनाक्रमात तो नाही. त्याचा अर्थ तो खोटा आहे असा नव्हे. प्रशस्तिपत्र हा पुरस्कार देणाऱ्या संस्थेच्या जबाबदारीवर वाचला जाणारा दस्तऐवज असल्यामुळे त्यात वरिष्ठांच्या अहवालात बसणारी, वेळ आणि ठिकाण सांगता येणारी कृत्येच घेतली जातात, आणि चरित्रकाराला मिळणारी मोकळीक ते लिहिणाऱ्याला नसते.

पाचशे शब्दांचा मजकूर मात्र एखाद्या समारंभात वाचायचा झाला तर चार-पाच मिनिटे लागतात, कारण सावकाश मराठी वाचन मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांपलीकडे जात नाही. मिनिटभराच्या वाचनासाठी त्याचा संक्षेप करताना गावांची नावे, मधल्या वेळा आणि सारखे अडथळे गाळता येतात, पण मृत सहकारी, स्वतःची जखम, रात्रीचा थांबा आणि पहाटेची सुरुवात गाळता येत नाही. लष्करी पद्धतीचा ‘सोळाशे तीस तास’ हा उच्चारही सभागृहात अर्थ पोहोचवत नाही, त्यामुळे तिथे ‘दुपारी साडेचार’ असेच म्हणावे लागते. या हिशेबाने तयार होणारा मसुदा साधारण पुढीलप्रमाणे असू शकतो:

“8 एप्रिल 1948 रोजी नौशेरा–राजौरी रस्त्यावर सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांची तुकडी सुरुंग काढण्यास निघत असतानाच तोफांच्या माऱ्यात सापडली. दोन जवान ठार झाले, राणे यांच्यासह पाच जखमी झाले. राणे यांनी तुकडी पुन्हा उभी केली आणि रात्री दहापर्यंत गोळीबारात रस्ता तयार केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकामागून एक अडथळे उडवले. अंधार पडताना सुरुंगांनी वेढलेल्या पाच झाडांपाशी ताफ्याला थांबावे लागले. पहाटे पावणेपाचला राणे तिथे परत आले आणि साडेसहाला तो रस्ता खुला झाला. त्या दिवशी रणगाडे चिंगसला पोहोचल्यावरही ते अन्न आणि विश्रांतीविना रात्री नऊपर्यंत काम करत राहिले. असामान्य धैर्याच्या या दिवसांसाठी त्यांना परमवीरचक्र प्रदान करण्यात येत आहे.”

या मसुद्यात गुणवाचक म्हणावे असे ‘असामान्य’ हे एकच विशेषण आहे आणि ते शेवटच्या वाक्यात, म्हणजे श्रोत्यांनी स्वतः तो निष्कर्ष काढून झाल्यावर येते. ‘परत आले’ हे दोन शब्द वाचताना थोडे थांबणे एवढेच वाचणाऱ्याने करायचे आहे. मजकुरातला जिव्हाळा तिथे आहे, आवाजात तो वेगळा घालावा लागत नाही. वाचकाकडून होणारी खरी चूक बहुधा नावाची असते. राणे यांचेच नाव कागदोपत्री ‘रामा’ आणि ‘रामो’ अशा दोन्ही रूपांत आढळते, तेव्हा कोणते रूप वाचायचे हे समारंभाआधी स्वतः सन्मानितांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारून ठरवणे हा मसुद्याच्या कामाचाच भाग धरला पाहिजे.

मूळ प्रशस्तिपत्रातील घटनाक्रम 11 एप्रिलला संपतो. त्या दिवशी सकाळी सहाला सुरू केलेले काम अकरा वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता खुला होऊन पूर्ण झाले होते, आणि शेवटची नोंद त्याच रात्री दहाची आहे, जेव्हा सेकंड लेफ्टनंट राणे चिंगसच्या पुढचा रस्ता मोकळा करत होते.